गरजेचा भाग दरवेळी रडगाणं का होतो? बिघाड विशेषणांत नसतो

प्रस्ताव लिहिणाऱ्यांना हा बिघाड ओळखीचा असेल. अनुदानाच्या अर्जातला 'गरज' किंवा 'समस्येची मांडणी' हा भाग आपण नीट लिहितो, 'बिचाऱ्या', 'असहाय' असे शब्द काढून टाकतो. तरी वाचणारा म्हणतो, "अजून जरा दीनवाणं वाटतंय." आपण पुन्हा शब्द बदलतो आणि पुढच्या वर्षी नवा अर्ज लिहायला घेतला की तेच सगळं परत येऊन बसतं. मी नागपुरात एका छोट्या संस्थेसाठी आठ-नऊ वर्षं प्रस्ताव लिहिते आहे. त्यातली पहिली चार वर्षं मी हा बिघाड चुकीच्या जागी शोधत होते.

एकच उदाहरण धरून सांगते. काटोल तालुक्यातल्या काही गावांत, नवरा गेल्यानंतर स्वतः शेती करणाऱ्या महिलांसोबत आमचं काम आहे. त्यासाठीच्या अर्जात वर्षानुवर्षं हा परिच्छेद होता:

> विदर्भ ही शेतकरी आत्महत्यांची भूमी आहे. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर विधवा महिलांवर दुःखाचा डोंगर कोसळतो. अशिक्षित आणि असहाय असलेल्या या महिला लहान लेकरांना घेऊन दारोदार भटकतात. त्यांना ना माहेरचा आधार, ना सासरचा. त्यांच्या अंधारलेल्या आयुष्यात आमची संस्था आशेचा किरण घेऊन येत आहे. शिलाई मशीन देऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलं जाईल.

हसू नका. तुमच्याही कपाटात असा एक परिच्छेद असणार.

शब्द बदलून काय होतं

पहिली दुरुस्ती सगळेच करतात ती शब्दांची. 'विधवा'च्या जागी 'एकल महिला', 'अशिक्षित'च्या जागी 'औपचारिक शिक्षणापासून दूर राहिलेल्या', 'असहाय' पूर्ण बाद. आम्हीही केलं. मग वाक्य असं झालं: 'औपचारिक शिक्षणापासून दूर राहिलेल्या या एकल महिला मुलांना घेऊन दारोदार भटकतात.' बाई अजून दारोदारच भटकते आहे, फक्त सभ्य भाषेत.

शब्दांना महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. 'एकल महिला' हा शब्द चळवळीतल्या बायकांनी स्वतःसाठी घेतला, तो वापरावाच. '-ग्रस्त' आणि '-पीडित' या शेपट्यांकडे तर खास लक्ष ठेवा. 'पूरग्रस्त', 'दुष्काळग्रस्त' लिहायची हाताला सवय असते, म्हणून 'आत्महत्याग्रस्त कुटुंब'ही सहज लिहून जातो. त्या शब्दात कुटुंबाची ओळख कायमची एका मृत्यूला बांधली जाते. पण तो सरकारी कागदातला शब्द आहे आणि एका ठिकाणी लागतो. अशा कुटुंबाला राज्य सरकारकडून 1 लाख रुपयांची मदत मिळते, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. त्या पात्रतेबद्दल लिहिताना सरकारी शब्द एकदा वापरा, बाकी मजकुरात नको. 'निराधार' शब्दाचंही तेच. संजय गांधी निराधार अनुदान योजना हे योजनेचं नाव आहे, ते आपण बदलू शकत नाही. म्हणून ती योजना घेणाऱ्या प्रत्येक बाईला 'निराधार महिला' म्हणायची गरज नाही.

बिघाड सापडला तो असा

एका वर्षी अर्ज पाठवण्याआधी आमच्या क्षेत्र कार्यकर्तीनं हट्ट धरला की गरजेचा भाग गावात वाचून दाखवायचा. मला ते नाटक वाटलं, पण गेले. एका ओसरीवर पाच-सहा जणी बसल्या होत्या. मी वाचलं. तेव्हा मजकूर 'सुधारलेला' होता, म्हणजे विशेषणं काढलेली होती. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पन्नाशीच्या एक काकू म्हणाल्या,

"मॅडम, हे ज्या बाईवर लिवलं, तिले कोनी वावर ठेक्यानं देईन का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. त्या स्वतःच्या साडेतीन एकराशिवाय शेजाऱ्याचं दोन एकर वावर दरवर्षी ठेक्यानं करतात. वावर ठेक्यानं देणारा माणूस बघतो की ही बाई पेरणी वेळेवर करेल का, ठेक्याचे पैसे देईल का. मी वाचलेल्या बाईला कुणीही वावर दिलं नसतं. आणि बँकेनं कर्जही दिलं नसतं, हे माझ्या मनात आलं ते परतीच्या एसटीत.

तेव्हापासून हीच आमची पहिली चाचणी आहे. परिच्छेद वाचा आणि विचारा, या माणसाशी कुणी व्यवहार करेल का? उत्तर 'नाही' आलं तर शब्दांना हात लावू नका, आधी बिघाड शोधा.

तपासणी एक: क्रियापदं कुणाची आहेत

जुना परिच्छेद घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारून त्याचा कर्ता लिहा. 'आहे', कर्ता विदर्भ. 'कोसळतो', कर्ता डोंगर. 'भटकतात', कर्ता महिला. 'येत आहे', कर्ता आमची संस्था. 'उभं केलं जाईल', कर्ता लपवलेला, पण तीही आमची संस्थाच. म्हणजे सहा वाक्यांत बायकांच्या वाट्याला एकच क्रियापद आलं आणि ते 'भटकतात'.

तेही खोटं होतं. आम्ही ज्यांच्यासोबत काम करतो त्यातली एकही बाई दारोदार भटकत नाही. त्या चकरा मारतात, पण ठरलेल्या ठिकाणी: तलाठी कार्यालय, तहसील, बँक, सोसायटी. कुठे गेल्या, कशासाठी गेल्या आणि तिथं काय उत्तर मिळालं, हे प्रत्येकीला तोंडपाठ आहे. 'दारोदार' लिहून आम्ही ती सगळी माहिती पुसली होती. प्रस्तावाला खरी गरज होती ती नेमकी त्याच माहितीची.

तपासणी दोन: उणीव कुठे ठेवली आहे

मूळ बिघाड इथे आहे. जुन्या परिच्छेदात उणीव बाईमध्ये आहे: ती अशिक्षित, ती असहाय, तिला आधार नाही. उणीव माणसात ठेवली की उपाय म्हणजे त्या माणसाला काहीतरी द्यायचं, इतकंच उरतं. म्हणून आमच्या शेवटच्या वाक्यात शिलाई मशीन येते. साडेतीन एकरांची शेती करणाऱ्या बाईला शिलाई मशीन का? कारण आमच्या लिहिण्यात ती शेतकरी उरलीच नव्हती. (विदर्भातल्या किती घरांत संस्थांनी दिलेल्या शिलाई मशीनवर घडी केलेलं पांघरूण ठेवलेलं असतं, यावर कुणीतरी एकदा लिहायला हवं.)

दयेच्या भाषेचा तोटा फक्त अपमानापुरता नसतो. तिनं निदान चुकतं, आणि निदान चुकलं की उपक्रमही चुकतो. अनुभवी परीक्षक दीनवाण्या मजकुरावर नाराज होतो तो भावनेपोटी नाही. गरज आणि उपाय यांची सांगड बसत नाही, हे त्याला दिसतं.

तपासायला सोपी युक्ती आहे. गरजेच्या भागातून उपायाचं वाक्य काढून टाका आणि त्या जागी भलताच उपाय घाला: शेळ्या, मेणबत्ती प्रशिक्षण, समुपदेशन, धान्याचे किट. परिच्छेद तरीही जुळत असेल तर त्यात गरज लिहिलेलीच नाही, नुसतं दुःख लिहिलं आहे. आमच्या जुन्या परिच्छेदाला यातलं काहीही जुळत होतं.

हे येतं कुठून

मला वाटायचं की दोष माझ्या लेखणीचा आहे. खरं तर तो आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये होता. त्यात प्रश्न होते: घरची परिस्थिती कशी आहे? कोणत्या अडचणी आहेत? कोणती मदत हवी? असं विचारल्यावर माणूस अडचणी सांगतो आणि मदत मागतो. तसं न सांगणं मूर्खपणाचं ठरेल, कारण समोर वही घेऊन बसलेला माणूस काहीतरी वाटायला आला आहे हे कळतंच. त्या उत्तरांतून मी दुसरं काय लिहिणार होते?

फॉर्म बदलला. आता आम्ही विचारतो: गेल्या खरिपात काय पेरलं? बियाणं कुठून आणलं, पैसे कुठून उभे केले? माल कुठे विकला, पावती कुणाच्या नावानं निघाली? या सगळ्यात काम कुठे अडलं, कुणाच्या सहीसाठी अडलं? त्यावर तुम्ही स्वतः काय करून पाहिलं? शेवटचा प्रश्न फॉर्ममध्ये अगदी खाली होता, पण उत्तरं सगळ्यात लांब त्याचीच येतात. कार्यकर्तीला कागदाच्या पाठीमागे लिहावं लागतं.

नव्या फॉर्मची पहिली उत्तरं वाचताना 'पावती कुणाच्या नावानं' या रकान्याकडे लक्ष गेलं. दिराच्या नावानं, सासऱ्यांच्या नावानं, चुलत पुतण्याच्या नावानं. कापूस बाईनं पिकवलेला, पावती दुसऱ्याची. अडलेली गोष्ट तिथं होती आणि तिचं नाव होतं सातबारा.

गरज नीट उकलायची म्हणजे काय

इथे जरा थांबून कागदाचं काम समजून घ्यावं लागतं, कारण सन्मानानं लिहायला आधी विषय माहीत हवा. नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर होतं आणि तो गेला, तर बायको कायद्यानं वारस आहेच. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. पण हक्क असणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये नोंद होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. आली तर प्रकरण सुनावणीत जातं. दिराची एक हरकत महिनोन्‌महिने पुरते.

आता दुसरी स्थिती. जमीन नवऱ्याच्या नावावर कधी झालीच नव्हती, सासऱ्यांच्याच नावानं आहे आणि सासरे हयात आहेत. तिथं नवऱ्याची वारस नोंद करून सातबाऱ्यावर काही बदलत नाही, कारण त्याचं नाव तिथं नव्हतंच. तिथं वाटणी लागते. सगळे हिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, राजी नसतील तर दिवाणी न्यायालय.

बाहेरून दोघी सारख्याच 'निराधार विधवा' दिसतात. प्रत्यक्षात एकीला हवी आहे अर्ज आणि हरकतीच्या सुनावणीत सोबत, दुसरीला हवी आहे घरच्यांशी बोलणी करून देणारी मध्यस्थी किंवा वकील. खर्च वेगळा, वेळ वेगळा, यशाची शक्यताही वेगळी. जुन्या परिच्छेदात हा फरक लिहायला जागाच नव्हती, म्हणून अंदाजपत्रकातही नव्हती.

दुरुस्त केलेला परिच्छेद

आकडे मी मुद्दाम बदलले आहेत, ते नमुन्याचे समजा आणि तिथं तुमच्या यादीतले घाला:

> काटोल तालुक्यातल्या 6 गावांत आम्ही 38 शेतकरी महिलांशी बोललो. पतीच्या मृत्यूनंतर त्या स्वतः शेती पाहतात. काय पेरायचं, मजूर कधी लावायचे, कापूस कधी विकायचा, हे त्या ठरवतात. त्यातल्या 23 जणींचं नाव मात्र त्या कसत असलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाही. त्यामुळे बँक त्यांच्या नावानं पीककर्ज देत नाही, पीएम किसानचा हप्ता त्यांना मिळत नाही आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर त्यांचा कापूस दुसऱ्याच्या नावानं जातो. 9 जणींच्या बाबतीत जमीन पतीच्या नावे होती. तिथं वारस नोंद व्हायची राहिली आहे किंवा नातेवाइकांच्या हरकतीत अडकली आहे. 14 जणींच्या बाबतीत जमीन अजून सासऱ्यांच्या नावे आहे आणि वाटणीशिवाय मार्ग नाही. 17 जणींनी याआधी स्वतः तलाठी किंवा तहसील कार्यालयात अर्ज केले आहेत. अर्ज कुठे थांबला हे त्यांना माहीत आहे. पुढच्या सुनावणीसाठी कागद तयार करणारं आणि सोबत उभं राहणारं माणूस त्यांना हवं आहे.

यावर पेन्सिल फिरवून पाहा. बायका पाहतात, ठरवतात, कसतात, अर्ज करतात. अडवणारी क्रियापदं बँकेची, हरकतीची, कागदाची आहेत. संस्थेचं नाव पूर्ण परिच्छेदात 'आम्ही बोललो' एवढंच आहे. ते पुढच्या भागात, उपक्रमांमध्ये येईल. गरजेच्या भागात संस्थेनं किरण घेऊन येऊ नये.

शेळ्यांची युक्तीही लावून पाहा. या परिच्छेदाखाली 'म्हणून आम्ही प्रत्येकीला दोन शेळ्या देऊ' असं लिहिलं तर वाचणाऱ्यालाच विचित्र वाटेल. म्हणजे गरज आणि उपाय एकमेकांना बांधले गेले.

आधाराला बाहेरचा एखादा आकडा लागतोच, कारण परीक्षक विचारतो, हे फक्त तुमच्या सहा गावांत आहे का? त्यासाठी महिला किसान अधिकार मंच म्हणजे 'मकाम'ची 2018 ची पाहणी आम्हाला उपयोगी पडली. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकल झालेल्या 505 महिलांच्या त्या पाहणीत साधारण 40 टक्के जणींना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. एवढा एक आकडा पुरे. आत्महत्यांचे जिल्हावार तक्ते आम्ही आता घालत नाही, कारण आमचा उपक्रम त्या आकड्यावर काम करतच नाही. तो तक्ता वाचणाऱ्याला हलवण्यासाठी असायचा, समजावण्यासाठी नाही.

आणखी एक शब्द पक्का केला, 'शेतकरी'. 'शेतकऱ्याची विधवा' नाही, 'शेतकरी महिला'. इथे कधीकधी आमच्याच विश्वस्तांपैकी कुणी विचारतं की जमीन नावावर नाही तर शेतकरी कशी? 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या मालकीवर थांबत नाही, शेतीचं काम करणारे सगळे तीत येतात. एवढं सांगितलं की चर्चा मिटते. निदान चहा येईपर्यंत तरी.

दुरुस्ती उलट्या बाजूला जाते तेव्हा

हा बिघाड आमच्याकडे पुढच्याच वर्षी आला. नव्यानं रुजू झालेल्या एका मुलानं परिच्छेद लिहिला आणि त्यात 'संकटांना धूळ चारणाऱ्या रणरागिणी', 'जिद्दीच्या जोरावर नशीब पालटणाऱ्या' असं आलं. त्याचा हेतू चांगला होता. पण वाचल्यावर पहिला प्रश्न येतो की इतक्या पराक्रमी बायकांना अनुदान कशाला हवं? आणि दुसरं म्हणजे, ज्या बाईनं दिराशी वाद नको म्हणून अर्जच केला नाही, ती या वर्णनात बसत नाही. तिला मदत मिळायला आधी रणरागिणी व्हावं लागेल की काय?

दया आणि गौरव या दोन्हींत माणूस दिसत नाही. त्याला ओळखण्याची खूण एकच आहे: वाक्यात किती, कधी, कुठे, कुणाच्या सहीनं यांपैकी काहीच नसेल आणि तरी ते वाक्य ऐकायला छान वाटत असेल, तर ते काढा.

हाल मात्र लपवू नका. सन्मान म्हणजे गोड बोलणं असा समज करून काही जण कर्जाचा, उपासमारीचा उल्लेखच गाळतात. तो प्रामाणिकपणा नव्हे. आमच्या यादीत सावकाराकडून महिना 5 टक्क्यांनी पैसे उचललेल्या बायका आहेत. ते लिहायचं, पण कारणासकट: 'पीककर्ज मिळत नसल्यानं बियाण्याचे पैसे महिना 5 टक्के व्याजानं उचलावे लागतात.' या वाक्यात हालही आहेत आणि ते कुठून येतात हेही आहे. 'कर्जाच्या खाईत लोटल्या गेलेल्या' असं लिहिलं की व्याजाचा दर आणि कारण दोन्ही त्या खाईत जातात.

निधी देणाराच रडगाणं मागतो तेव्हा

हे होतं, आणि दरवेळी टाळता येत नाही. एका निधी देणाऱ्या संस्थेच्या माणसानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, एखादी मनाला भिडणारी स्टोरी टाका ना, फोटोसकट." भांडून उपयोग नव्हता, अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती.

आम्ही कहाणी दिली, पण ती मृत्यूपासून सुरू केली नाही. अर्जापासून सुरू केली. एका बाईनं कधी अर्ज दिला, कुठला दाखला परत मागितला गेला, नोटीस निघाल्यावर हरकत कुणाची आली, सुनावणीची तारीख हुकली त्या दिवशी ती कुठे होती (सोयाबीन काढणीच्या मजुरांसोबत शेतात). नवरा कसा गेला याबद्दल एक शब्द नाही. आत्महत्येचा मार्ग आणि तपशील लिहू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांतही आहे. शिवाय ती माहिती सातबाऱ्याच्या कामाला लागत नाही. मुलांनी मोठं होऊन हे वाचलं तर, असा विचार करून आम्ही नाव आणि गावही बदललं.

फोटोत ती तहसीलच्या पायरीवर हातात फाइल घेऊन उभी आहे. हा फोटो कसा काढायचा हे तिनंच ठरवलं. आधीचा, डोक्यावर पदर घेऊन फोटोफ्रेमजवळ बसलेला फोटो तिनं परत घ्यायला लावला. छापण्याआधी मजकूर आणि फोटो दाखवून होकार घेतो, आणि नंतर नाही म्हणायची मुभा आहे हेही सांगतो. फॉर्मवर नुसता अंगठा किंवा सही घेणं म्हणजे होकार, असं आम्ही धरत नाही.

त्या संस्थेनं निधी दिला का? नाही. दुसरीकडून मिळाला, अर्ध्या रकमेचा.

पुन्हा येऊ नये म्हणून

बिघाड परत येतो तो जुन्या फाइलमधून. मुदतीच्या आदल्या रात्री सगळे जण मागच्या वर्षीचा अर्ज उघडतात आणि त्याची नक्कल करून रक्कम बदलतात. जुना परिच्छेद आम्ही चार ठिकाणांहून काढला: अर्जाच्या साच्यातून, वार्षिक अहवालातून, माहितीपत्रकातून आणि अंदाजपत्रकाच्या टिपांमधून. शेवटची जागा कुणाच्याच लक्षात नव्हती. तिथं 'निराधार महिलांसाठी प्रवास खर्च' असं लिहिलेलं होतं आणि नवा अर्ज लिहिणारा तिथूनच शब्द उचलायचा. आता तिथं 'सुनावणीसाठी तहसीलपर्यंतचा प्रवास, 23 महिला, प्रत्येकी 4 फेऱ्या' असं आहे. फेऱ्या का चार, हे विचारणाऱ्याला सांगता येतं. 'निराधार' का, हे सांगता येत नव्हतं.

'लाभार्थी' हा शब्द मात्र पूर्ण गेलेला नाही. निधी देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये 'लाभार्थी संख्या' असा रकाना असतो, तिथं संख्या भरतो. आपल्या वाक्यांत 'शेतकरी' किंवा 'सहभागी महिला' लिहितो. या एका शब्दावरून फॉर्म अडवून धरण्यात अर्थ नाही.

आणि गावात वाचून दाखवणं आता वेळापत्रकात आहे, मुदतीच्या किमान दहा दिवस आधी. कारण तिथं चुका निघतात. दुरुस्त परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच काकू बसल्या होत्या. मी वाचून थांबले आणि खरं सांगायचं तर कौतुकाची वाट पाहत होते. त्या म्हणाल्या,

"बाकी बराबर हाये. पन कापूसच लिवला. संत्र्याचं काहून नाही लिवलं? दीडशे झाडं हायेत माह्याकडे."

मी म्हटलं, संत्र्यातही पावती दुसऱ्याच्या नावानं निघते का? त्या हसल्या. संत्र्याची बाग व्यापारी उभीच घेतो, झाडावरच सौदा होतो, तिथं सातबारा कुणी मागत नाही. तो सौदा त्या स्वतः करतात, आणि मागच्या आंबिया बहाराला दोन व्यापाऱ्यांना एकमेकांवर चढवून भाव घेतला होता. म्हणजे माझा परिच्छेद त्यांच्या अर्ध्या शेतीबद्दल चूक होता. सातबारा नसल्यामुळे विक्री अडते हे कापसाला लागू होतं, संत्र्याला नाही.

त्या रात्री एक वाक्य वाढवलं: 'संत्र्याच्या बागेचा सौदा त्या स्वतः व्यापाऱ्याशी करतात, अडचण येते ती सातबारा मागितला जातो तिथं, म्हणजे कर्ज, सरकारी योजना आणि हमीभावाची कापूस खरेदी यांत.' फॉर्मची मर्यादा 300 शब्दांची होती, त्यामुळे काहीतरी काढावं लागलं. आमच्या संस्थेच्या ध्येयाचं वाक्य काढलं.